आंघोळीनंतर कानाला दडा बसतो, तेव्हा बड काय करत असतो

*माझं वय अडतीस. आंघोळ झाली की दोन्ही कानांत इअरबड फिरवायची सवय कॉलेजपासून आहे. त्याशिवाय कान ओले आणि घाण वाटतात. गेलं वर्षभर कान फार खाजतात, म्हणून झोपण्याआधीही बड फिरवते. तीन दिवसांपूर्वी डोक्यावरून आंघोळ केली आणि उजव्या कानाला दडा बसला. बड घातला तर थोडासाच पिवळा मळ लागतो, पण कान मोकळा होत नाही, उलट जास्तच बंद होतो. दुखत नाही, वाहत नाही. बड वापरू नका असं सगळे सांगतात, पण का वापरू नये आणि मग कान कशाने साफ करायचे, हे कुणी नीट सांगत नाही. माझी सहा वर्षांची मुलगी आता माझं बघून बड मागते. तिच्या कानांचं काय करू?*
*– एक वाचक*

सगळ्यात आधी एक छोटी तपासणी करा. ओठ मिटून खालच्या पट्टीत "म्म्म" असा लांब आवाज काढा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते पाहा. बंद झालेल्या उजव्या कानात घुमत असेल, तर आवाजाच्या वाटेत काहीतरी अडलं आहे, म्हणजे बहुधा मळाचा खडा. तो चांगल्या, डाव्या कानातच ठळक ऐकू येत असेल, किंवा दड्याबरोबर कानात नव्याने शिट्टीसारखा आवाज सुरू झाला असेल, भोवळ येत असेल, तर पुढचं काही न करता त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञांना गाठा. आतल्या कानाला किंवा ऐकण्याच्या नसेला अचानक इजा झाली तरी कान "बंद झाल्यासारखा" वाटतो. त्यावरच्या स्टिरॉइड उपचाराचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होतो, आणि त्यातही जितक्या लवकर सुरू होईल तितका जास्त. मळ सुटण्याची वाट पाहण्यात ते दिवस घालवायचे नाहीत. ही घरगुती चाचणी अंदाजापुरतीच आहे. शंका राहिली तर कान दाखवून यावा.

तुमच्या वर्णनात मात्र मळाच्या खड्याच्या तिन्ही खुणा आहेत. दडा आंघोळीनंतर लगेच बसला, दुखणं नाही, आणि बड घातल्यावर कान आणखी बंद होतो. कानातला मळ हा नुसता मेणचट पदार्थ नसतो. त्याचा निम्म्याहून अधिक भाग म्हणजे त्वचेच्या गळून पडलेल्या मृत पेशी, आणि या पेशी पाणी शोषून फुगतात. खडा तुमच्या कानात बरेच महिने वाढत असणार. पण त्याच्या कडेने केसाएवढी फट उरली असली तरी आवाज पडद्यापर्यंत जवळजवळ पूर्ण पोचतो, त्यामुळे तुम्हाला काही जाणवलं नाही. त्या दिवशी पाणी शिरलं, खडा फुगला, फट बुजली आणि कान एकदम बंद झाला. म्हणून हा तीन दिवसांतला बिघाड नाही. तो रोजच्या बडने घडवलेला आहे. कसा, ते नीट समजून घेतलंत तर सवय सोडायला फार जोर लावावा लागणार नाही.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखा लवचीक असतो. तिथली कातडी जाड असते, तिच्यावर बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त तिथेच असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. तिथली कातडी कागदासारखी पातळ आणि थेट हाडाला चिकटलेली असते. ना केस, ना ग्रंथी. म्हणजे पडद्याजवळ मळ तयारच होत नाही. डॉक्टरांना दुर्बिणीतून पडद्याला टेकलेला मळ दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा तो कुणीतरी तिथवर ढकललेला असतो.

आता बडचा आकार पाहा. कापसाचं टोक साधारण अर्धा सेंटिमीटर जाड असतं आणि नळीचा व्यास त्याहून थोडाच मोठा. शिवाय नळी सरळ नसते, तिला नागमोडी वळण असतं आणि आत एका ठिकाणी ती अरुंद होते. टोक आत जाताना आजूबाजूला इतकी कमी जागा उरते, की मळ बडच्या मागे येऊच शकत नाही. तो पुढे सरकतो. ठासणीच्या बंदुकीत दारू ठासावी तसं रोज थोडं थोडं ठासलं जातं. बाहेर काढल्यावर कापसाला जो पिवळा लेप दिसतो, तो भिंतीवर नुकताच तयार झालेला ताजा मळ असतो. तो दिसला की कान साफ झाला असं वाटतं, पण जेवढा लागला त्यापेक्षा कितीतरी जास्त आत गेलेला असतो, आणि तो दिसत नाही. तुम्ही लिहिलंत की आता बडला थोडासाच मळ लागतो. त्याचं कारण हेच: बराचसा साठा बडच्या टोकाच्या पलीकडे, अरुंद जागेच्या आत जाऊन बसलेला आहे.

बड नसता तर हाच मळ आपोआप बाहेर आला असता. कानाची कातडी शरीरावरच्या इतर कातडीपेक्षा वेगळी वागते. ती पडद्याच्या मध्यापासून कडेकडे आणि तिथून नळीच्या भिंतीवरून बाहेरच्या दिशेने सरकत राहते. तिचा वेग नखांच्या वाढीइतका, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. मृत पेशी आणि त्यांना चिकटलेली धूळ अशी हळूहळू बाहेरच्या भागात येते, तिथल्या मळात मिसळते, आणि बोलताना-चावताना जबडा हलला की सैल होऊन कानाच्या तोंडाशी येते. तिथे ती वाळते आणि झोपेत किंवा आंघोळीत पडून जाते. बड या प्रवाहाच्या नेमका उलटा चालतो. कातडीने महिनाभरात दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणलेलं तो एका फेरीत सेंटिमीटरभर आत नेतो.

खाजेचं उत्तरही इथेच आहे. मळ तेलकट आणि किंचित आम्लधर्मी असतो. तो कातडी मऊ ठेवतो, पाणी आत मुरू देत नाही आणि जंतू व बुरशी यांना वाढायला अवघड करतो. दिवसातून दोनदा कापूस फिरला की हा थर पुसला जातो, कातडी कोरडी पडते आणि खाजते. खाज आली की तुम्ही पुन्हा बड फिरवता. कापसाच्या घर्षणाने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यामुळे खाज आणखी वाढते. बड फिरवताना बरं वाटतं खरं, कारण कानाच्या नळीत संवेदना नेणाऱ्या नसांचं दाट जाळं आहे. त्यातली एक फांदी घशाकडे जाणाऱ्या नसेशी जोडलेली असल्यामुळे काही जणांना कानात काडी घातली की खोकलाही येतो. पण तो आराम काही मिनिटांचा असतो. ओरखडलेली कातडी ओली राहिली की जंतुसंसर्गाला वाट मिळते. कान सुजतो, पाळी ओढली किंवा कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबला की कळ येते, आणि पाणी किंवा पू वाहू लागतो. तुम्हाला अजून दुखत नाही, म्हणजे तुम्ही या टप्प्याच्या अलीकडे आहात. आत्ता थांबणं सोपं आहे.

पडद्याला इजा होण्याची भीती सगळे घालतात, आणि ती खरी आहे. पडदा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड असतो आणि बडची काडी नळीच्या जवळजवळ तिप्पट लांब. बड कानात असताना कोपराला धक्का लागला, दार उघडलं, मूल अंगावर आलं, तर मधलं अंतर संपायला क्षण लागत नाही. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात अशा काड्यांनी कानाला इजा झालेल्या अठरा वर्षांखालच्या सुमारे २ लाख ६३ हजार मुलांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात उपचार झाले, म्हणजे दिवसाला सरासरी ३४. बहुतेक इजा कान साफ करतानाच झाल्या होत्या, आणि जखमी मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश आठ वर्षांखालची होती. तुमची मुलगी त्याच वयात आहे, म्हणून हा आकडा देतो आहोत.

आता उजव्या कानाचं काय करायचं ते. आधी चार गोष्टींची खात्री करा: पडद्याला पूर्वी कधी छिद्र पडलेलं नाही, कानाची शस्त्रक्रिया झालेली नाही, पडद्यात नळी बसवलेली नाही, आणि सध्या कान दुखत किंवा वाहत नाही. छिद्र, शस्त्रक्रिया, नळी किंवा दुखणं-वाहणं यांतलं एकही असेल, तर कानात तेल, पाणी, औषध काहीच घालायचं नाही. डॉक्टरांनी आधी कान पाहायला हवा. छिद्र असलेल्या पडद्यातून थेंब मधल्या कानात गेले तर संसर्ग होऊ शकतो आणि काही औषधांनी आतल्या कानाला इजाही होते. मधुमेह किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असलेल्यांनीही घरी कान धुण्याचा प्रयोग करू नये, कारण त्यांच्या कानाच्या नळीतला संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो.

चारही गोष्टी नसतील, तर औषधाच्या दुकानातून कानासाठी म्हणून मिळणारं ऑलिव्ह तेल ड्रॉपरच्या बाटलीत घ्या. स्वयंपाकघरातली उघडी बाटली नको. ती निर्जंतुक नसते आणि थेंब मोजता येत नाहीत. बदामाचं तेलही चालतं, पण सुक्या मेव्याची अॅलर्जी असलेल्यांनी ते टाळावं. बाटली पाच मिनिटं मुठीत धरा किंवा कोमट पाण्याच्या वाटीत उभी ठेवा. तेल अंगाइतकंच कोमट हवं. थंड तेल गेलं तर डोकं गरगरतं, कारण तापमानातल्या फरकाने आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग चाळवतो. गॅसवर तेल कधीही गरम करू नका. हाताला सोसणारं तापमान त्या पातळ कातडीला भाजू शकतं.

डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे उजवा कान वर येईल. पाळी वर आणि मागे हळूच ओढा, त्याने नळीचं वळण सरळ होतं. ड्रॉपरचं टोक कानाला न टेकवता दोन ते तीन थेंब सोडा. मग कानाच्या भोकापुढचा उंचवटा बोटाने पाच-सहा वेळा हलकेच दाबा आणि सोडा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग औषध काम करत नाही म्हणतात. खड्यावर हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. दाबल्याने तो निघतो आणि तेल खड्यापर्यंत उतरतं. पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहा. उठताना कानावर टिश्यू धरा आणि बाहेर येईल ते टिपून घ्या. कानात कापसाचा बोळा कोंबून ठेवू नका, तो तेल स्वतःच शोषतो. असं दिवसातून तीन ते चार वेळा, तीन ते पाच दिवस करायचं.

या दिवसांत काय होईल ते आधीच सांगून ठेवतो, कारण इथेच लोक घाबरून पुन्हा बड उचलतात. पहिल्या एक-दोन दिवसांत कान आणखी बंद झाल्यासारखा वाटू शकतो. मळ मऊ होऊन पसरतो आणि उरलीसुरली फट बुजवतो; औषध लागू पडत असल्याचीच ती खूण आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी उशीवर तपकिरी डाग दिसतील किंवा कानाच्या तोंडाशी मऊ चिकट मळ येईल. तो ओल्या कपड्याने बाहेरूनच पुसा. काही वेळा खडा एकदम सुटत नाही, थोडा थोडा वितळत जातो आणि ऐकणं टप्प्याटप्प्याने परत येतं. "दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही" म्हणून डोस वाढवून उपयोग नाही. मळ भिजायला वेळ लागतो, आणि तुमचा खडा बरेच महिने दाबून बसवलेला आहे.

तेल नको असेल तर दोन पर्याय आहेत. सोडियम बायकार्बोनेटचे पाच टक्क्यांचे थेंब पाण्यातले असतात. ते मृत पेशींचा गठ्ठा सैल करतात, पण कातडी कोरडी पाडतात. म्हणून तुमच्यासारख्या खाजणाऱ्या कानात ती आमची पहिली निवड नाही. दुसरा पर्याय कार्बामाइड पेरॉक्साइडचा, साडेसहा टक्क्यांचा. तो कानात फेसाळतो, चुरचुर असा आवाज येतो आणि फेसाने मळ फुटतो. तो दिवसातून दोनदा, पाच ते दहा थेंब आणि सलग चार दिवसांहून जास्त नाही, या मर्यादेत वापरतात. बारा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही. ओरखडलेल्या कातडीवर तो झोंबतो. महागडं औषध जास्त चांगलं, असं मात्र समजू नका. मळ मऊ करणाऱ्या थेंबांवरच्या चाचण्यांचा २०१८ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात पाच दिवस काहीतरी घातल्याचा फायदा दिसला, पण अमुक एक औषध दुसऱ्याहून सरस आहे असा पुरावा मिळाला नाही. साधं पाणी किंवा मिठाचं पाणीही त्यांच्यापेक्षा मागे असल्याचं दिसलं नाही. म्हणून निवड आपल्या कातडीला काय मानवतं त्यावर करावी, आणि तुमच्या कातडीला तेल मानवेल.

पाच दिवसांनंतर कान अर्धाच मोकळा झाला, तर आणखी पाच-सात दिवस तेल चालू ठेवायला हरकत नाही. अजिबात फरक नसेल तर डॉक्टरांकडे जा. आधी तेल घातल्याचं सांगा. मऊ झालेला मळ काढणं त्यांनाही सोपं जातं. ते बारीक नळीने शोषून घेतील, किंवा नियंत्रित दाबाच्या यंत्राने कोमट पाण्याची धार मारतील, किंवा प्रत्यक्ष पाहत आकड्याने काढतील. हातात धरायच्या मोठ्या धातूच्या पिचकारीने जोरात पाणी मारण्याची जुनी पद्धत आता टाळतात, कारण दाब किती पडतो ते कळत नाही आणि पडदा फाटण्याचा धोका राहतो.

कान धुण्यासाठी मिळणारा मऊ रबरी फुगा घरी वापरता येतो, पण फक्त तीन-पाच दिवस तेल घालून झाल्यावर आणि वरच्या चारही गोष्टी नसल्याची खात्री असेल तरच. उकळून कोमट केलेलं पाणी ३७ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटरने मोजा, अंदाजाने नको. फुग्याचं टोक कानाच्या तोंडाशीच धरा आणि भोक पूर्ण बंद करू नका, पाण्याला परत यायला वाट हवी. धार वरच्या-मागच्या भिंतीकडे हळू सोडा, म्हणजे पाणी खड्याच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलेल. समोरून थेट मारलेली धार खड्याला बडसारखीच आत ढकलते. कळ आली, चक्कर आली, पाणी घशात उतरल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. पाणी घशात येणं म्हणजे पडद्याला छिद्र आहे. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच दडा बसलेल्या माणसाने हे डॉक्टरांकडेच करून घ्यावं, असं आमचं मत आहे.

कान मोकळा झाल्यावर रोज काय करायचं? बाहेरचा कान, म्हणजे पाळी, तिच्या घड्या आणि कानामागची जागा, ओल्या रुमालात तर्जनी गुंडाळून पुसा. बोट जिथवर सहज पोचतं तिथवरच. बोट कानाच्या नळीत शिरत नाही, म्हणून मर्यादा आपोआप पाळली जाते. रुमाल रोज धुतलेला हवा. कानाच्या आत साबण, शाम्पू, स्पिरिट काहीही नको. साबणाने मळाचा तेलकट थर निघून जातो. डोक्यावरून आंघोळ करताना कानाच्या तोंडाशी, आत न खुपसता, पेट्रोलियम जेली लावलेला कापसाचा मोठा बोळा बसवलात तर फेस आत जात नाही. बोळा भोकाहून मोठा असावा, म्हणजे आत सरकत नाही आणि सहज काढता येतो.

ओलाव्याचा त्रास, ज्यासाठी तुम्ही मुळात बड घेऊ लागलात, त्याचं उत्तर कोरडं करण्यात आहे, पुसण्यात नाही. मान एका बाजूला झुकवून पाळी वर-मागे ओढा आणि तसंच काही सेकंद थांबा. पाणी स्वतःच्या वजनाने निघतं. मग टॉवेलचं टोक बाहेरून टेकवा. तरीही ओलसर वाटलं तर हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर आणि कमी वेगावर ठेवून, कानापासून हातभर लांब धरून, अर्धा-एक मिनिट हलवत राहा. रोज पोहणाऱ्यांसाठी कान वाळवणारे थेंब मिळतात, ज्यात सौम्य अॅसिटिक आम्ल किंवा अल्कोहोल असतं. ते पाणी उडवून देतात आणि आम्लामुळे जंतू वाढत नाहीत. तुमच्या खाजऱ्या, ओरखडलेल्या कानात ते झोंबतील, म्हणून सध्या नकोत. पोहणारी नसाल तर पुढेही त्यांची गरज नाही.

खाज लगेच जाणार नाही. बड बंद केल्यावर मळाचा थर पुन्हा जमून कातडी भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्यातला पहिला आठवडा सगळ्यात कठीण असतो. खाज आली की तेच ऑलिव्ह तेल, दोन्ही कानांत रात्री एक-एक थेंब. कोरडेपणाची खाज याने बरीच शमते. पुढे आठवड्यातून एकदा दोन थेंब पुरतील. ज्यांना वारंवार खडा होतो त्यांना ही सवय उपयोगी पडते. बड घरात ठेवायचेच असतील तर न्हाणीघरातून आणि उशाजवळून हलवा, कारण तुमचा हात विचार करून तिकडे जात नाही, सवयीने जातो. तीन आठवड्यांनंतरही खाज तशीच असेल, कानातून कोंडा पडत असेल किंवा ओल्या कागदाच्या लगद्यासारखा पांढरा-काळपट थर दिसत असेल, तर तो एक्झिमा किंवा बुरशी असू शकते. त्यावर तेल हा उपाय नाही, तपासणी हवी. कानात तासन्‌तास इयरफोन घालत असाल तर तेही पाहा. आतपर्यंत बसणारी रबरी टोकं मळाची बाहेर यायची वाट अडवतात आणि ओलावा कोंडतात. ती टोकं काढून आठवड्याला कोमट साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

बडच्या जागी दुसरं काही विकत घेण्याचा मोह होईल. कॅमेरा लावलेली कोरणी, मळ पिळून काढणारे सिलिकॉनचे मळसूत्री दांडे, छोटे व्हॅक्यूम, धातूची कोरणी. यांतल्या कुठल्याही वस्तूचा दोष एकच: ती नळीत जाते. कॅमेऱ्यात चित्र सपाट दिसतं, खोली कळत नाही, आणि दोन मिलिमीटरची चूक पडद्याला पुरते. घरगुती व्हॅक्यूमचा जोर चिकट मळ उचलण्याइतका नसतो. कानात लावून पेटवायच्या पोकळ मेणबत्त्यांबद्दल तर ठामपणे नको म्हणतो. त्या मळ ओढतात असा दावा असतो, पण मोजून पाहिल्यावर त्यांच्यात शोषण तयारच होत नाही असं दिसलं आहे. जळाल्यावर तळाशी जे पिवळं उरतं ते मेणबत्तीचंच मेण असतं. चेहरा भाजणं, गरम मेण पडद्यावर पडणं असे प्रकार मात्र झालेले आहेत.

मुलीच्या कानांसाठी काहीही विकत आणू नका, लहान मुलांचे म्हणून मिळणारे जाड टोकाचे बडसुद्धा नाहीत. ते आत जात नाहीत हे खरं, पण कानात काडी फिरवायची असते हे ती त्यातूनच शिकेल, आणि एक दिवस तुमचा बारीक बड उचलेल. आंघोळीनंतर तुम्ही रुमालाने स्वतःचा बाहेरचा कान पुसता तेव्हा तिलाही तिचा रुमाल द्या. तिला तुमच्यासारखं करायचं आहे, तेवढं पुरेल. कानाच्या तोंडाशी मळ दिसला तरी तो काढायचा नाही, दिसणारा मळ बाहेर यायच्या वाटेवर असतो. ती हाक मारल्यावर ओ देईनाशी झाली, टीव्हीचा आवाज वाढवू लागली, एकच कान सारखा चोळू लागली किंवा कानाला वास येऊ लागला, तर मात्र डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. या वयात कानात मणी किंवा खडूचा तुकडा अडकलेला असणंही शक्य असतं, आणि आतलं नीट दिसल्याशिवाय तिच्या कानात एक थेंबही घालायचा नाही.